पिसाएवढं वजन: संगणकावरचं मशीन हलकं कसं करायचं

भोसरी, चाकण किंवा अंबडच्या एमआयडीसीत मशीन बनवणाऱ्या कारखान्याच्या डिझाइन विभागात सकाळी गेलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. डिझायनर आल्या आल्या संगणक सुरू करतो, काल केलेल्या मशीनची फाइल उघडायला लावतो आणि चहाला जातो. परत आल्यावरही पडद्यावर पट्टी सरकतच असते. फाइल उघडली की मॉडेल फिरवायला जावं, तर ते झटके देत फिरतं. एका प्लेटची जाडी आठऐवजी दहा मिलिमीटर करावी, तर माउसचा बाण गोल फिरत राहतो. दिवसभरात असं तीस-चाळीस वेळा झालं की कामाचे दोन तास बसून राहण्यात जातात.

यावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज सुचतो, तो म्हणजे महागडा संगणक घ्यायचा. तो घेतल्यावर थोडा फरक पडतो आणि सहा महिन्यांनी पुढचं मशीन आणखी मोठं आलं की गाडी पुन्हा तिथंच अडते. खरं दुखणं बहुतेक वेळा यंत्रात नसतं. आपण संगणकाच्या डोक्यावर काय काय लादलं आहे, त्यात ते असतं. हे ओझं कसं ओळखायचं, कसं उतरवायचं आणि उतरवताना काय हरवू द्यायचं नाही, हे आपण एकाच मशीनच्या उदाहरणातून पाहू. त्यासाठी सॉलिडवर्क्स हे सॉफ्टवेअर घेऊ. 1995 साली ते पहिल्यांदा बाजारात आलं, 1997 मध्ये दासो सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीने ते विकत घेतलं आणि आज आपल्याकडच्या लहान-मध्यम मशीन कारखान्यांत ते सर्रास दिसतं.

बारा मीटरचा कन्व्हेयर

खोकी पुढे सरकवणारा एक साधा रोलर कन्व्हेयर डोळ्यांसमोर आणा. लांबी बारा मीटर आणि दर शंभर मिलिमीटरला एक रोलर, म्हणजे एकूण 120 रोलर. एका रोलरमध्ये बाहेरचा पाइप, मधला शाफ्ट, दोन टोकांना बेअरिंग बसवायची दोन हाउसिंग आणि दोन बेअरिंग, असे सहा भाग. 120 रोलरचे 720 भाग झाले. हा आकडा काही भयंकर नाही.

आता गडबड कुठे होते ते पाहा. बेअरिंग आहे 6204 नंबरचं. ते आपण बनवत नाही, बाजारातून आणतो. म्हणून डिझायनर उत्पादकाच्या कॅटलॉगमधून त्याचं तयार मॉडेल उतरवून घेतो. त्या मॉडेलमध्ये आतली रिंग, बाहेरची रिंग, आठ छर्रे, छर्ऱ्यांना धरून ठेवणारा पिंजरा आणि दोन बाजूंच्या दोन झाकण्या, असे तेरा वेगवेगळे भाग असू शकतात. मग एका रोलरमध्ये चार अधिक सव्वीस, म्हणजे तीस भाग झाले. 120 रोलरचे 3,600. प्रत्येक रोलरच्या दोन्ही टोकांना एकेक बोल्ट, एक वॉशर आणि एक स्प्रिंग वॉशर धरला, तर आणखी 720 भाग. एकूण 4,320. अजून चौकट, पाय, मोटर, गिअरबॉक्स, साखळी यातलं काहीच आलेलं नाही.

या 4,320 भागांपैकी 960 तर फक्त निम्म्या कन्व्हेयरच्या बेअरिंगमधले छर्रे आहेत. पूर्ण कन्व्हेयरचे 240 बेअरिंगमधले छर्रे 1,920 होतात. ते पाइपच्या पोटात बंद आहेत, कोणाला दिसत नाहीत, कोणी त्यांचं माप घेत नाही आणि ते आपण बनवणारही नाही. तरीही फाइल उघडताना संगणक त्यातला प्रत्येक छर्रा मांडत बसतो.

मंदपणा तीन प्रकारचा

‘असेंब्ली स्लो झालीय’ हे वाक्य डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं आहे. आधी दुखतंय कुठे ते पाहावं लागतं. असेंब्लीचा मंदपणा तीन जागी असतो आणि तिन्हींची कारणं निराळी असतात.

पहिला मंदपणा उघडण्याचा. असेंब्लीच्या फाइलमध्ये सगळे भाग नसतात. कोणते भाग लागतात आणि ते कुठे बसतात, याची नोंद त्यात असते. प्रत्येक भागाची फाइल वेगळी असते आणि ती शोधून, वाचून संगणकाच्या मेमरीत आणावी लागते. फाइली ऑफिसच्या सर्व्हरवर असल्या आणि नेटवर्क हळू असलं, तर हा वेळ आणखी वाढतो.

दुसरा मंदपणा फिरवण्याचा. पडद्यावर दिसणारा गोल पृष्ठभाग प्रत्यक्षात बारीक बारीक त्रिकोणांनी झाकलेला असतो. साध्या दंडगोलाला थोडे त्रिकोण पुरतात. त्याच बोल्टवर खऱ्या मळसूत्रासारखे आटे कोरले, तर त्या वळणदार पृष्ठभागाला कितीतरी पट जास्त त्रिकोण लागतात. असे 240 बोल्ट असले की मॉडेल फिरवताना ग्राफिक्स कार्डाला दम लागतो.

तिसरा मंदपणा बदल केल्यावरचा, म्हणजे रिबिल्डचा. भाग एकमेकांना कसे जोडले आहेत हे आपण ‘मेट’ देऊन सांगतो. हा शाफ्ट त्या भोकाच्या मध्यावर, ही प्लेट त्या प्लेटला टेकलेली, अशी ही नाती असतात. एक माप बदललं की ही सगळी नाती पुन्हा जुळवून पाहावी लागतात. हे काम बहुतांशी एकामागून एक चालतं, कारण पुढचं पाऊल मागच्याच्या उत्तरावर उभं असतं.

हा तिसरा मंदपणा ओळखायची एक सोपी खूण आहे. माउस अडकलेला असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून पाहा. आठ धाग्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरचा वापर बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास दिसला, तर आठपैकी एकच धागा राबतोय आणि बाकीचे सात रिकामे आहेत असं समजायचं. अशा वेळी सोळा कोअरचा प्रोसेसर किंवा महागडं ग्राफिक्स कार्ड आणून रिबिल्डला काही फायदा होत नाही. एका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर मात्र उपयोगी पडतो.

नेमकं मोजमाप हवं असेल तर सॉलिडवर्क्समध्येच ते मिळतं. `Evaluate` टॅबमधल्या `Performance Evaluation` वर क्लिक केलं की कोणती फाइल उघडायला किती वेळ गेला, कोणत्या भागात किती त्रिकोण आहेत आणि कोणत्या मेटला किती वेळ लागतो, याची यादी समोर येते. त्या यादीच्या वरच्या चार-पाच ओळी पाहिल्या तरी पुरे. आपल्या कन्व्हेयरसारख्या मशीनमध्ये तिथे बेअरिंग, आटेवाले बोल्ट आणि गिअरबॉक्सचं उतरवून घेतलेलं मॉडेल दिसण्याची शक्यता फार मोठी असते. ही यादी पाहिल्याशिवाय कशालाही हात लावू नये, कारण ज्या भागावर आपला संशय असतो तो अनेकदा निर्दोष निघतो.

पिसाची खूण

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लाइटवेट मोड. पुस्तकाची अनुक्रमणिका आणि मुखपृष्ठ समोर ठेवायचं, आतली पानं लागतील तेव्हा उघडायची, तसा हा प्रकार आहे. लाइटवेट स्थितीत भागाचा आकार आणि मेटसाठी लागणारी माहिती तेवढी मेमरीत येते. तो भाग कसा घडला, आधी कोणता चौकोन काढला, मग किती उचलला, कुठे भोक पाडलं, कुठे कड गोल केली, हा सगळा इतिहास फाइलमध्येच राहतो. पडद्याच्या डाव्या बाजूच्या यादीत अशा भागाच्या चिन्हावर एक छोटं पीस दिसतं.

फाइल उघडण्याच्या खिडकीत `Mode` समोर `Lightweight` निवडलं की झालं. असेंब्लीतल्या भागांची संख्या ठरावीक मर्यादेच्या वर गेली की ही सोय आपोआप लागू व्हावी, असंही सेटिंगमध्ये सांगता येतं. 2022 च्या आवृत्तीपासून यातलं बरंच काम सॉफ्टवेअर स्वतःच पडद्याआड करू शकतं, त्यामुळे नव्या आवृत्तीत पीस दिसलं नाही तर गोंधळून जाऊ नये.

लाइटवेट भागाला मेट देता येतात, त्याचं माप घेता येतं, छेद घेऊन आत पाहता येतं. त्यामुळे रोजच्या कामात फारसं काही अडत नाही. भागाच्या घडणीतच बदल करायचा असेल, तेव्हा त्याच्यावर राइट-क्लिक करून `Set to Resolved` म्हणायचं. तेवढाच भाग पूर्ण मेमरीत येतो, बाकीचे पिसासारखे हलके राहतात.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. समजा तुमच्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने काल हाउसिंगचा व्यास बदलला. तुमच्याकडे ते हाउसिंग लाइटवेट आहे. सेटिंगमध्ये जुने झालेले लाइटवेट भाग तपासूच नका असं सांगितलं असेल, तर तुम्ही जुनाच व्यास पाहत काम करत राहाल. म्हणून तिथे निदान `Indicate` हा पर्याय ठेवावा. भाग जुना झाला असला की सॉफ्टवेअर पिसाचा रंग बदलून तसं दाखवतं. आणि ड्रॉइंग कारखान्यात पाठवण्याआधी सगळे भाग एकदा पूर्ण उघडून `Ctrl+Q` दाबावं, म्हणजे सगळं मॉडेल पहिल्यापासून नव्याने उभं राहतं आणि लपलेली चूक वर येते.

लाइटवेटची मर्यादाही समजून घ्यायला हवी. त्याने उघडण्याचा वेळ आणि मेमरीचा भार कमी होतो. पण 1,920 छर्रे लाइटवेट झाले तरी छर्रेच राहतात. त्यांचे त्रिकोण पडद्यावर रेखाटावेच लागतात. त्यासाठी पुढची पायरी चढावी लागते.

कच्चं रूप, पक्कं रूप

सॉलिडवर्क्समध्ये एकाच फाइलच्या पोटात एका भागाची अनेक रूपं ठेवता येतात. त्यांना कॉन्फिगरेशन म्हणतात. एरवी ही सोय वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट एकाच फाइलमध्ये ठेवायला वापरतात. पण तिचा मंदपणावर फार चांगला उपयोग होतो. एक रूप `Default`, ज्यात सगळा तपशील असतो. दुसरं रूप `Simplified`, ज्यात रोजच्या कामाला लागतं तेवढंच असतं.

आपल्या हाउसिंगचं साधं रूप करायचं, तर नवं कॉन्फिगरेशन जोडायचं आणि त्यात गोल केलेल्या कडा, कोरलेला नंबर, तेलाची बारीक खाच ही फीचर सप्रेस करायची. सप्रेस केलेलं फीचर पुसलं जात नाही, त्या रूपापुरतं बाजूला ठेवलं जातं. संगणक ते मोजतही नाही आणि रेखाटतही नाही.

पण हे नीट जमण्यासाठी भाग पहिल्यापासून शिस्तीत काढलेला असावा लागतो. सुरुवातीलाच एक कड गोल केली आणि पुढचं भोक त्या गोल कडेवरून माप घेऊन पाडलं, तर कड सप्रेस करताच भोकही नाहीसं होतं. आधार गेला की त्यावर उभं असलेलं सगळं जातं. म्हणून मुख्य आकार आणि जोडणीची भोकं आधी काढावीत आणि शोभेचा तपशील सगळ्यात शेवटी. तोच नियम मेटलाही लागतो. गोल कडेच्या पृष्ठभागाला दिलेला मेट ती कड सप्रेस केल्यावर तुटतो आणि यादीत लाल खूण येते. मेट नेहमी मुख्य पृष्ठभागांना, अक्षांना किंवा मध्य-प्रतलांना द्यावेत.

काय काढायचं आणि काय ठेवायचं, यासाठी एक कसोटी पुरते. भागाचा बाहेरचा घेर आणि जोडणीच्या जागा यांना हात लावायचा नाही. मोटरच्या आतली गुंडाळी गेली तर चालेल, पण पंख्याचं झाकण गेलं तर चालणार नाही. ते झाकण चौकटीला घासतंय की नाही हे त्या साध्या रूपावरूनच तपासायचं आहे. साधं रूप खऱ्यापेक्षा लहान झालं की धोका सुरू होतो, कारण पडद्यावर मोकळी दिसणारी जागा कारखान्यात भरलेली निघते.

बेअरिंगच्या बाबतीत तर याहून सोपा मार्ग आहे. 6204 चं आतलं भोक 20, बाहेरचा व्यास 47 आणि रुंदी 14 मिलिमीटर. या तीन मापांची एक कडी काढली, तर शाफ्ट आणि हाउसिंगला लागणारं सगळं तिच्यात आलं. तेरा भागांची जागा एका भागाने घेतली. एका रोलरचे तीस भाग पुन्हा सहावर आले आणि कन्व्हेयरमधून 2,880 भाग कमी झाले. कॅटलॉगमधलं मॉडेल वापरायचंच असेल, तर ती असेंब्ली उघडून एकसंध पार्ट म्हणून सेव्ह करता येते आणि तेव्हा फक्त बाहेरून दिसणारं ठेवायला सांगता येतं. बोल्टवरच्या कोरीव आट्यांऐवजी कॉस्मेटिक थ्रेड वापरला, तर ड्रॉइंगमध्ये आटे दिसतात, पण मॉडेलवर त्यांचं ओझं पडत नाही.

मोठ्या उपअसेंब्लीसाठी याच वाटेवर स्पीडपॅक नावाची एक सोय आहे. गिअरबॉक्सचे जोडणीला लागणारे चार-पाच पृष्ठभाग आपण निवडायचे. बाकीचा गिअरबॉक्स पडद्यावर दिसतो, पण त्याला हात लावता येत नाही, नुसतं चित्र असतं. भागांची यादी आणि वजन मात्र मूळ रूपाप्रमाणेच मिळतं. मूळ गिअरबॉक्स बदलला की स्पीडपॅक ताजं झालं आहे ना, हे आपण पाहायचं असतं.

लपवणं आणि काढून ठेवणं

नवशिक्या डिझायनरची एक ठरलेली चूक असते. मॉडेल जड झालं की तो बोल्ट लपवतो. पडद्यावरून बोल्ट जातात, फिरवणं सुधारतं आणि त्याला वाटतं काम झालं. पण लपवलेला भाग मेमरीत तसाच असतो आणि त्याचे मेटही प्रत्येक रिबिल्डला सोडवले जातात. पाहुणे आल्यावर पसारा पडद्यामागे सारला म्हणून घरातलं सामान कमी होत नाही. सप्रेस केलेला भाग मात्र मेमरीतून खरोखर बाहेर जातो आणि त्याचे मेटही सोबत जातात.

मेट सोबत जातात, इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. आपल्या रोलरचंच पाहा. रोलरच्या उपअसेंब्लीत आपण एक साधं रूप करतो. बेअरिंग आणि हाउसिंग पाइपच्या आत आहेत, बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्यांना सप्रेस करतो. सहा भागांचे दोनच उरले, पाइप आणि शाफ्ट. 120 रोलरचे 240 भाग. आकडा छान दिसतो. पण पाइप हाउसिंगला जोडलेला होता, हाउसिंग बेअरिंगला आणि बेअरिंग शाफ्टला. मधले दुवे गेल्यावर पाइपला धरणारं कोणीच उरलं नाही. माउसचा धक्का लागला की पाइप शाफ्टवरून सरकतो आणि 120 ठिकाणी सरकतो. यावर उपाय असा की साध्या रूपासाठी पाइपचा अक्ष आणि मध्य-प्रतल थेट शाफ्टच्या अक्षाला आणि मध्य-प्रतलाला जोडून ठेवायचं. मग मधलं काहीही काढलं तरी पाइप जागचा हलत नाही.

मेटची संख्याही इथेच आटोक्यात येते. रोलर स्वतंत्र उपअसेंब्ली असेल, तर त्याच्या आतले मेट वरच्या असेंब्लीला सोडवावे लागत नाहीत. वरती एका रोलरला तीन मेट धरले, तरी 120 रोलरचे 360 होतात. त्याऐवजी पहिला रोलर तीन मेटने बसवावा आणि पुढचे 119 शंभर मिलिमीटरच्या अंतराने पॅटर्न करून घ्यावेत. 360 च्या जागी तीन मेट उरतात. रिबिल्डचा मंदपणा कमी करायला यासारखा उपाय नाही आणि त्याला पैसाही लागत नाही.

आता हिशोब पुन्हा मांडू. बोल्ट आणि वॉशर साध्या रूपात सप्रेस केले, बेअरिंग व हाउसिंग बाजूला ठेवली, रोलर पॅटर्नने बसवले. 4,320 भागांचा कन्व्हेयर रोजच्या कामापुरता 240 भागांचा झाला. चौकट हलवायची, मोटरची जागा ठरवायची, साखळीची वाट आखायची, या सगळ्याला एवढे भाग पुरतात.

हरवलेले 240 बेअरिंग

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण हलकं केलेलं मॉडेल आणि खरं मशीन यांत आता तफावत आहे आणि ती फक्त त्या डिझायनरच्या डोक्यात नोंदलेली आहे. त्या दिवशी तो रजेवर असला तर?

ड्रॉइंगवर भागांची यादी असते, कारखान्यात तिला बीओएम म्हणतात. त्या यादीवरून खरेदी विभाग माल मागवतो. सप्रेस केलेले भाग या यादीत येत नाहीत. कोणी ड्रॉइंग `Default` ऐवजी `Simplified` रूपावरून काढलं, तर यादीत बेअरिंग नाहीत, हाउसिंग नाहीत, बोल्ट नाहीत. ही चूक सॉफ्टवेअरला चूक वाटत नाही, लाल खूण येत नाही, कोणताही इशारा मिळत नाही. पाइप आणि शाफ्ट तयार होऊन जोडणीला येतात, तेव्हा फिटर विचारतो, बेअरिंग कुठे आहेत? आणि 240 बेअरिंगची तातडीची ऑर्डर निघते.

दुसरा परिणाम वजनावर होतो. सप्रेस केलेल्या भागांचं वजन मोजलं जात नाही आणि गुरुत्वमध्यही सरकतो. क्रेनने उचलायचे हुक कुठे बसवायचे हे त्या गुरुत्वमध्यावरून ठरवलं असेल, तर प्रत्यक्ष मशीन उचलताना ते एका बाजूला कलतं. ही चूक वेळेची किंवा पैशांची नाही, तिथे माणसं उभी असतात. भाग साधा केला असेल तर त्या रूपात खरं वजन हाताने भरून ठेवायची सोय आहे, ती वापरावी. हुक, पाया आणि वाहतूक यांचा हिशोब मात्र नेहमी पूर्ण रूपावरूनच करावा.

तिसरं, दोन भाग एकमेकांत घुसताहेत का याची तपासणी. सप्रेस केलेला बोल्ट या तपासणीत नसतो. त्याचं डोकं शेजारच्या साखळीला घासत असेल, तरी अहवाल कोरा येतो. म्हणून साध्या रूपावरची तपासणी हा आराखड्यापुरता अंदाज समजावा, अंतिम शिक्का समजू नये.

या तिन्ही खड्ड्यांवर फार खर्चिक उपाय लागत नाहीत. ऑफिसमधल्या सगळ्यांनी साध्या रूपाला एकच नाव द्यावं. एकाने `Simplified`, दुसऱ्याने `Light`, तिसऱ्याने `Temp1` असं केलं, तर सहा महिन्यांनी कोणतं रूप कशासाठी केलं होतं हे कोणालाच सांगता येत नाही. ड्रॉइंग आणि बीओएम फक्त `Default` रूपावरूनच काढायचं, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. एकाच भागाची दोन रूपं यादीत दोन ओळी होऊन येऊ नयेत, यासाठी बीओएमच्या सेटिंगमध्ये त्या भागाची सर्व रूपं एकच वस्तू म्हणून धरायला सांगावं. आणि नको असलेली रूपं वेळच्या वेळी काढून टाकावीत, कारण साठवलेलं प्रत्येक रूप फाइलचं वजन थोडं वाढवतं. हलकं करायला घेतलेली फाइलच मग जड होऊन बसते.

आपल्याकडच्या जुन्या ड्रॉइंगबोर्डवर काम केलेल्या ड्राफ्ट्समनना हे सगळं नवं वाटणार नाही. त्यांनी असेंब्लीच्या चित्रात बोल्टचे आटे कधी कोरून काढले नाहीत, दोन बारीक रेषांत भागवलं. बेअरिंग एका चौकोनात फुली मारून दाखवलं. पण खाली उजव्या कोपऱ्यातल्या यादीत त्या बोल्टची संख्या आणि बेअरिंगचा नंबर लिहायला ते विसरले नाहीत. चित्रात कमी आणि यादीत पूर्ण, ही त्यांची रीत होती.

संगणकावरही तीच रीत चालते. उद्या सकाळी तुमची असेंब्ली उघडायला दहा मिनिटं लागली, तर नव्या संगणकाचं कोटेशन मागवण्याआधी `Performance Evaluation` ची यादी पाहा आणि तिच्या सर्वांत वरच्या भागापासून सुरुवात करा. आणि ड्रॉइंग खाली पाठवण्याआधी यादीत बेअरिंग आहेत ना, ते मोजा. या कन्व्हेयरला 240 लागतात.